सासरी पाठवायचं पत्र : घर, मुलांची शाळा आणि हक्कसोडाची सही

रातांबा

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते, लिहिते क्वचित. सासरी एक पत्र पाठवायचं आहे. फोनवर बोलायला गेलं की आईंना रडू येतं, मग मला येतं आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र.

सासर राजापूर तालुक्यात, खाडीकाठचं गाव. मिस्टर गेल्या श्रावणात अचानक गेले. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. आम्ही गावी मूळ घरातच राहतो. मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, त्या आम्ही आमच्या पैशांनी बांधल्या, पण घरपट्टी सगळ्या घराची सासऱ्यांच्या नावे येते. शिवाय हापूसची बाग आहे. ती मिस्टर आणि मोठे दीर दोघांनी मिळून विकत घेतली होती, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. दीर डोंबिवलीला असतात, पण बागेची फवारणी, खंडाने देणं, सगळं तेच बघतात.

गावची शाळा सातवीपर्यंतच. मला रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरी मिळतेय, जूनपासून. दोन्ही मुलांना घेऊन तिथे भाड्याने राहायचा विचार आहे. सासरच्यांचं म्हणणं, मुलीला ने, मुलाला आमच्याजवळ ठेव. आणि दिरांचा निरोप आलाय की मे महिन्यात येतो तेव्हा बागेचा हक्कसोडाचा कागद करून टाकू, म्हणजे पुढे कटकट नको, मुलं मोठी झाली की त्यांचं त्यांना देऊच.

खर्डा असा आहे :

«ती. आबांस, सा. न. वि. वि. येत्या जूनपासून मी मुलांसह रत्नागिरीस राहावयास जाण्याचे ठरविले आहे. मुलांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे मला मान्य नाही. मागील दोन खोल्या आमच्या खर्चाने बांधलेल्या असल्याने त्यांवर आमचा हक्क आहे. बागेतील माझा व मुलांचा कायदेशीर हिस्सा सोडण्यास मी तयार नाही. आपले संबंध पूर्वीप्रमाणेच राहतील अशी आशा आहे.»

भांडायचं नाहीये मला. आबा-आई माणसं चांगली आहेत. पण सहीही करायची नाहीये. कसं लिहू?

चाकरमानी_परळ

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही नोटीस झाली, फक्त वकिलाचा शिक्का नाही. शेवटचं वाक्य तर सगळ्यात वाईट. चार वाक्यांत हक्क सांगायचे आणि मग संबंधांची आशा धरायची.

मी स्वतः आमच्या घरातला मोठा भाऊ आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. बाग लांबून बघणं सोपं नसतं. फवारणीचे पैसे आधी घालायचे, मोहोर गळला तर ते पाण्यात. तुमच्या दिरांच्या मनात कदाचित एवढंच असेल की सातबाऱ्यावर चार नावं वाढली की उद्या पीककर्जाला चौघांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. ते लबाडच असतील असं धरून लिहू नका.

माडाची_सावली

गे बाये, सही मात्र करू नको. माझ्या मावशेक अशीच गोड बोलान सही करून घेतल्यानी. आता ती चवथीक आपल्याच घरात पावणी म्हणान जाता. चाकरमानी, तुमी बरे असशात, सगळे तसे नसतत.

अभिजित_पावस

कायदा अगदी साधा आहे. निम्मी बाग मिस्टरांची. ती तुम्ही आणि दोन मुलं, तिघांत सारखी. सासू-सासऱ्यांचा त्यात काही संबंध नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा म्हणजे पोचपावती राहील. आणि मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं काढा, बागेचे पैसे त्यात टाकायला सांगा.

निवृत्त_सर्कल

मंडळ अधिकारी म्हणून नोकरी केली, वारस फेरफार पुष्कळ हातांखालून गेले. अभिजित यांचं निम्मं बरोबर आहे.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलांबरोबर आईसुद्धा येते, आणि सारख्या वाट्याने येते. वडील त्या वर्गात नाहीत. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या निम्म्या बागेचे चार भाग होतात : सासूबाई, तुम्ही, मुलगी, मुलगा. सगळ्या बागेचे आठ भाग धरले तर दिरांचे चार आणि तुम्हां चौघांचा एकेक. आबांचा या बागेत हिस्सा नाही, आईंचा आहे. आणि तुमचं पत्र फक्त आबांना आहे.

आता हक्कसोड. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावात त्या मुद्दाम किंवा नकळत एकत्र केल्या जातात. वारस नोंद म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लागणं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं स्वयंघोषणापत्र आणि सातबारा घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होतो. तलाठी फेरफार घालतो, सगळ्या संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही.

हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराला सोडून देणं. त्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. तलाठ्यासमोर साध्या कागदावर जबाब देऊन हक्क जात नाही. मात्र त्या जबाबावर फेरफार होऊन नाव गळतं, आणि ते परत लावायला वर्षं जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलं अज्ञान आहेत. बापामागे आई त्यांची नैसर्गिक पालक, पण त्यांच्या नावावर आलेली स्थावर मिळकत विकायला किंवा सोडायला आईलाही जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय सही केलीत तर अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांत मूल तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. तेव्हा असा कागद दिरांच्याही कामाचा नाही. उद्या बँकेचा वकील सातबारा आणि दस्त बघेल आणि नेमका तिथे बोट ठेवेल.

सुकन्या खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच काढता येतं. सातवीतली मुलगी त्यात बसत नाही. साधं पोस्टातलं बचत खातं काढा.

रातांबा

सर, आईंचा हिस्सा आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यांनाही नसणार. दिरांच्या निरोपात सही फक्त माझी मागितली होती.

निवृत्त_सर्कल

आईंकडून ते घरच्या घरी घेतील असं धरून चालले असतील. तो हिस्सा आईंचा आहे, त्या तो मोठ्या मुलाला देऊ शकतात, त्याबद्दल तुम्ही रुसू नये. पण तो आहे हे त्यांना कळायला हवं, आणि ते तुमच्याकडून कळलं तर वेगळं होईल.

शुभदा_वेंगुर्ला

स्पीड पोस्ट अजिबात नको. पोस्टमन ओटीवर येऊन सही मागतो, समोरच्या घरातून दोन माणसं बघतात, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत होतं की सुनेने कोर्टाचा कागद धाडलाय. नणंद जवळ असेल तर तिच्या हाती पाठवा. आपल्याजवळ फोटो काढून ठेवा, बास.

दुसरं, हे पत्र वाचणार कोण? आमच्याकडे पत्र आलं की सासरे चष्मा लावून मोठ्याने वाचायचे आणि सासूबाई ऐकायच्या. मध्येच कोणी शेजारचं येऊन टेकायचं. तुमच्याकडे तसंच असेल तर ऐकायला कसं वाटेल त्या अंगाने लिहा. «ठरविले आहे», «मान्य नाही» हे आबांच्या तोंडून आईंनी ऐकायचं, जरा विचार करा. भावकीच्या कानावर पडू नये असं एकही वाक्य ठेवू नका.

रातांबा

अगदी तसंच आहे. आईंना वाचता येत नाही. आबा वाचून दाखवतात.

गोट्या_७७

निराधार योजनेत नाव घाला ना, संजय गांधीमधून महिन्याला १५०० मिळतात. सासरच्यांना कशाला पत्र लिहून पैसे मागायचे?

रातांबा

गोट्या, पैसे मागतच नाहीये. आणि नोकरी लागली की त्या योजनेच्या उत्पन्नाच्या अटीत मी बसणार नाही.

सेविका_दापोली

निराधारचं राहू दे, पण मुलांसाठी बालसंगोपन योजना बघा, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. एक पालक गेलेल्या मुलांना प्रत्येकी महिन्याला २२५० रुपये आहेत, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील या भरवशावर भाडं ठरवू नका, आमच्याकडे बायका वाट बघत बसतात आणि मग एकदम कितीतरी महिन्यांचे येतात. पण आबांच्या मनात «ही एकटी दोघांची शाळा कशी करणार» असेल तर सांगायला आधार होतो.

हायस्कूलच्या_बाई

मुलाबद्दल लिहिते. नवरा गेल्यावर सून मुलगा घेऊन गेली की म्हाताऱ्यांना वाटतं लेक दुसऱ्यांदा गेला. त्यांनी मुलगा मागितला तो हट्टाने नाही. त्यामुळे «मान्य नाही» म्हणून तो दरवाजा लावू नका, त्यांना मुलगा कधी मिळणार ते सांगा. सुट्ट्यांचं नक्की लिहा. «अधूनमधून येऊ» याला काही अर्थ नसतो, त्यावर कोणी विसंबत नाही. दिवाळीची सुट्टी, मे महिना, गणपती, असं नाव घेऊन लिहा. आणि तेवढंच लिहा जेवढं पाळता येईल. नव्या नोकरीत मे महिनाभर रजा मिळणार आहे का तुम्हाला?

शाळेचं कारणही खरं ते लिहा. वर्गात ज्या मुली एसटीने येतात त्या पावसाळ्यात अर्ध्या दिवसावर घरी जातात, कारण शेवटची गाडी आली नाही तर अंधारात चालत जावं लागतं. आठवीपासूनचं गणित-विज्ञान तिथेच कच्चं राहतं. हे आबांना पटेल. «रत्नागिरीत शाळा चांगल्या» हे पटणार नाही, त्यांची मुलं गावच्याच शाळेत शिकली.

मुलाचा दाखला तिसरीच्या निकालानंतरच काढा, आणि काढायला जाण्याआधी पत्र पोचू दे. गुरुजींकडून कळलं तर पत्राला अर्थ उरणार नाही.

रातांबा

मेमध्ये मला रजा नाही मिळणार बाई. पण मुलं राहू शकतात ना आजी-आजोबांकडे, माझ्याशिवाय! हे सुचलंच नव्हतं. महिनाभर बाबू त्यांच्याजवळ. मी शनिवारी संध्याकाळी येईन.

चाकरमानी_परळ

हे लिहा. यात सगळं आलं.

पण एक विचारतो. मुलांच्या हिश्शाला कोर्टाचं कारण आहे, ठीक. तुमच्या स्वतःच्या एका भागाचं काय? तिथे कोर्ट आड येत नाही. दीर म्हणतील, मुलांचं राहू दे, तुझी तेवढी सही दे.

माडाची_सावली

द्येव नको म्हणान सांगा, इतक्याच.

रातांबा

तोच प्रश्न मलाही पडलाय. खरं सांगू, तो एक भाग मला बागेसाठी नकोय. पण तो सोडला की त्या घरात मी कोण, असं होतं. उद्या मुलांचं काही ठरवायला बसले तर मला पाटावर बसवतील की चहा आणायला सांगतील?

निवृत्त_सर्कल

मग नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका. «आज ठरवत नाही» असं लिहिलं तर त्यात खोटं काही नाही. वारसाने हिस्सा सोडलाच पाहिजे अशी कुठलीही मुदत नसते.

अभिजित_पावस

आईंच्या हिश्शाबद्दल चुकलो, सर. पण खोल्यांचं तरी लेखी घ्या की. बांधकामाच्या पावत्या असतील, त्या जोडून «आमच्या मालकीच्या» असं स्पष्ट लिहा. तोंडी बोलण्याला उद्या कोण विचारतो?

निवृत्त_सर्कल

खोल्यांची गोष्ट बागेसारखी सोपी नाही. घर वडिलोपार्जित आहे की आबांनी स्वतः बांधलं, जमीन कोणाच्या नावे, यावर सगळं अवलंबून. नणंदेचाही प्रश्न त्यात येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव असलं म्हणजे मालकी झाली असं नाही, आणि नाव नाही म्हणजे गेली असंही नाही. आबा हयात असताना तो विषय पत्रातून काढलात तर बाकीचं पत्र कोणी ऐकणार नाही. वापर मागा, मालकी मागू नका. पावत्या फेकू नका, जपून ठेवा. त्या भागाचं वीजबिल स्वतः भरा, घरपट्टीतला वाटा द्या आणि पावती आपल्या नावची मागा.

अभिजित_पावस

मला नाही पटत. वापर म्हणजे उपकार होतो, हक्क राहत नाही.

शुभदा_वेंगुर्ला

पटो न पटो, दोन खोल्यांना कुलूप लावून रत्नागिरीला गेल्या आणि पावसाळ्यात कोणी कौलं परतली नाहीत, तर दुसऱ्या वर्षी हक्क सांगायला खोल्याच उरत नाहीत. वासे कुजतात. कौलं कोण परतणार ते आधी लिहा.

रातांबा

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. मोठं झालंय.

«ती. आबा आणि ती. आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहिते आहे. आबा, हे आईंना वाचून दाखवा, आणि भावजी आले की त्यांनाही वाचायला द्या.

गावची शाळा सातवीला संपली. आठवीला ताईला रोज एसटीने जावं लागेल. पावसात शेवटची गाडी आली नाही की पोरी घाटी उतरून अंधारात येतात, ते आपण बघतोच. मला रत्नागिरीत नोकरी मिळाली आहे, तेव्हा जूनपासून शाळेचे दिवस आम्ही तिघं तिकडे राहू.

बाबूला तुमच्याजवळ ठेवावं, असं तुमच्या मनात आहे. त्याच्याकडे बघून तुम्हाला काय आठवतं, ते मला दिसतं. पण तो अजून रात्री उठून ताईला हाक मारतो. बापामागे बहीणही लांब गेली तर तो गप्प होईल, म्हणून दोघांना एकत्र ठेवते. मे महिन्यात मात्र दोन्ही मुलं पूर्ण महिना तुमच्याकडे राहतील. मला रजा नसली तरी त्यांना सोडून जाईन आणि शनिवारी येत जाईन. दिवाळीची सुट्टीही गावीच. गणपतीला आम्ही आदल्या दिवशी येऊ आणि विसर्जनानंतर जाऊ. दर रविवारी सकाळी मुलं तुम्हाला फोन करतील. ह्यांचं वर्षश्राद्ध आपल्या घरीच व्हावं, त्यासाठी लागेल ती रजा मी आधी सांगून ठेवली आहे.

मागच्या दोन खोल्या आमच्या वापरात राहू द्याव्यात, म्हणजे मुलं आली की त्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटेल. एक किल्ली आईंकडे असू दे, एक माझ्याजवळ. पावसाआधी त्या भागाची कौलं परतायची मजुरी आणि विजेचं बिल मी देईन, घरपट्टीतही माझा वाटा घालेन.

बागेबद्दल भावजींनी कागदाचं सुचवलं होतं. मी जाणत्यांना विचारलं. मुलं लहान असताना त्यांच्या वाट्याचा असा कागद आईलाही करता येत नाही, जिल्हा कोर्टाची परवानगी लागते. तसाच केला तर पुढे बँकेत भावजींचीच अडचण होईल. त्यांनी इतकी वर्षं बाग सांभाळली, त्यांना माझ्यामुळे त्रास व्हायला नको. म्हणून आत्ता ह्यांच्या मागची वारस नोंद तेवढी करून घेऊ. आई, त्यात तुमचंही नाव लागेल. लेकाच्या मिळकतीत आईचा बायको-मुलांइतकाच वाटा असतो, हे मलाही आत्ताच कळलं. माझ्या वाट्याचं मी आज काही ठरवत नाही. बाबू अठरा वर्षांचा झाला की सगळे बसून ठरवू. बाग आजवर बघितली तशी भावजींनीच बघावी. पुढच्या हंगामापासून खर्च वजा जाता मुलांच्या वाट्याचं जे निघेल ते दोघांच्या पोस्टातल्या खात्यावर घालावं, मी त्याला हात लावणार नाही, ते त्यांच्या शिक्षणाला.

आईंच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल. मी येताना आणते, तोवर बंद करू नका.

आपली,»

हायस्कूलच्या_बाई

औषधाचं वाक्य राहू दे. कोणी काढा म्हणालं तरी काढू नका.

चाकरमानी_परळ

दीर म्हणून वाचलं. «त्रास व्हायला नको» इथे थोडं हसू आलं, पण राग नाही आला. मात्र यंदाच्या खंडाचं काय? पुढच्या हंगामापासून म्हणालात म्हणजे यंदाचे पैसे सोडलेत.

रातांबा

हो, सोडले. ह्यांच्या आजारपणाच्या त्या दोन दिवसांत आणि नंतर दिवसकार्याला त्यांनीच खर्च केला. विचारलं नाही, तेही विचारणार नाहीत.

माडाची_सावली

बरा केलंस. पण एक इचारू? गणपतीक जातलंस, गौरीक तुका हळदीकुंकवाक बसवतले काय? काय खोलयेत बसान ऱ्हव म्हणतले? ता पयला लिही.

शुभदा_वेंगुर्ला

मला नाही वाटत हे पत्रात यावं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचं परिपत्रकही निघालं. आमच्या ग्रामपंचायतीतही त्यावर बोलणं झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या वर्षी गौरीला जे व्हायचं तेच झालं. माजघरातली गोष्ट पत्राने होत नाही. जावेशी बोला, तिने हात धरून पुढे नेलं तर सासूबाई काही म्हणणार नाहीत.

माडाची_सावली

जाव डोंबिवलीची. ती कित्याक हात धरतली?

रातांबा

हे मला अजून सुटलेलं नाही. पत्रात नाही लिहिलं. मुलीला मात्र सांगून ठेवलंय की गौरीला काही वेगळं वाटलं तर तिथे बोलायचं नाही, मला येऊन सांगायचं. तेही बरोबर आहे की नाही कोण जाणे.

रातांबा

नणंदेच्या हाती पत्र पाठवलं. ती म्हणाली, आबांनी एकदा वाचून दाखवलं, मग आईंनी बागेचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि विचारलं, «माझं नाव कशाला?» आबांचा रात्री फोन आला. मुलाबद्दल काही बोलले नाहीत. «मे महिना म्हणजे किती तारखेपासून?» एवढं विचारलं, आणि मग «दोन किल्ल्या कशाला, कुलूप लावायची गरज काय आपल्याच घरात?» मी म्हटलं बरं, बघू. दिरांचं अजून काही नाही.

अभिजित_पावस

बघा! किल्लीवरच आलं. म्हणून म्हणत होतो लेखी घ्या.

हायस्कूलच्या_बाई

मला उलट वाटतं. ते तारीख विचारताहेत, म्हणजे जाणं त्यांनी धरलंय. कुलूप नको म्हणणं हे वेगळं दुखणं आहे.

चाकरमानी_परळ

दीर गप्प आहेत म्हणजे कोणालातरी विचारताहेत. तेही कोर्टाच्या परवानगीचं ऐकतील. थोडं थांबा.

रातांबा

सर, वारस नोंदीच्या अर्जावर आईंची सही लागेल का? आणि दिरांची?

निवृत्त_सर्कल

अर्ज कोणताही एक वारस करू शकतो. पण अर्जात सगळ्या वारसांची नावं खरी लिहा, आईंचं वगळू नका. नोटीस मात्र सगळ्यांना जाईल, दिरांनाही, कारण ते सहहिस्सेदार आहेत. तेव्हा अर्ज देण्याआधी आईंना आणि दिरांना फोन करून सांगा की असा कागद येणार आहे, घाबरू नका.

फेरफार घातला की ‘आपली चावडी’वर गाव निवडून नोटीस बघता येते. तिथे दोन गोष्टी तपासा. एक, तुमचं आणि मुलीचं नाव मालकांच्या रकान्यात आहे की «इतर हक्क»मध्ये ढकललंय. बायकांची नावं तिकडे टाकून मुलग्याचं तेवढं मालकांत ठेवायची जुनी खोड आहे. दोन, मुलांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून तुमचं नाव आहे का, की आजोबांचं लागलंय. चुकलं असेल तर त्या पंधरा दिवसांतच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद प्रमाणित झाल्यावर मग प्रांताकडे अपील करत बसावं लागतं, आणि रत्नागिरीहून राजापूरला त्या तारखांना येण्यात तुमची सगळी रजा संपेल.